पदार्थांच्या तक्त्यात घनता g/cm³ मधून kg/m³ मध्ये कशी बदलावी

घनता ग्रॅम प्रति घनसेंटीमीटरमध्ये दिली असेल, तर १००० ने गुणा; किलोग्रॅम प्रति घनमीटर मिळते. गुणाकार एवढाच आहे. तक्ता बिघडतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या कारणाने: ज्या ओळीला गुणायचे नसते तिलाही गुणले जाते.

आधी हे १००० कुठून येते ते पाहू. एका मीटरमध्ये १०० सेंटीमीटर असतात, म्हणून एका घनमीटरमध्ये १०० × १०० × १००, म्हणजे दहा लाख घनसेंटीमीटर मावतात. अॅल्युमिनियमच्या एका घनसेंटीमीटरचे वस्तुमान २.७० ग्रॅम, तर घनमीटरचे २७,००,००० ग्रॅम. त्याला १००० ने भागले की २७०० किलोग्रॅम. दहा लाखांनी गुणले आणि हजाराने भागले, म्हणून शेवटी उरले १०००. मीटर आणि सेंटीमीटर एवढेच डोक्यात ठेवून कोणी १०० ने गुणले, तर अॅल्युमिनियम २७० वर येते. पाण्याची घनता सुमारे १००० असते, म्हणजे असे अॅल्युमिनियम पाण्यावर तरंगेल. तेवढ्यावरून चूक लगेच पकडता येते.

आता तक्ता. समजा चार ओळी आहेत: अॅल्युमिनियम २.७०, तांबे ८.९६, पॉलिप्रोपिलीन ०.९०–०.९१ आणि नायट्रोजन १.२५. पहिली पायरी म्हणजे प्रत्येक आकड्याचे एकक शोधून ते शेजारच्या वेगळ्या रकान्यात लिहिणे. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण हीच सर्वांत महत्त्वाची. पहिले तीन आकडे ग्रॅम प्रति घनसेंटीमीटरमध्ये आहेत. नायट्रोजनचा आकडा मात्र ग्रॅम प्रति लिटरमध्ये आहे, कारण वायूंची घनता बरेचदा तशीच दिली जाते. ग्रॅम प्रति लिटर आणि किलोग्रॅम प्रति घनमीटर यांचे आकडे सारखेच असतात, त्यामुळे १.२५ हे १.२५च राहते. सगळा स्तंभ सरसकट १००० ने गुणला, तर नायट्रोजन १२५० होऊन पाण्याहूनही जड ठरेल. उलट, ग्रॅम प्रति मिलिलिटर दिसले तर बिनधास्त १००० ने गुणा. एक मिलिलिटर म्हणजे एक घनसेंटीमीटरच.

मूळ आकड्यांचा स्तंभ तसाच ठेवून उत्तर नव्या स्तंभात काढा. जुन्याच जागी गुणाकार केला, तर काम झाले की राहिले हे नंतर समजत नाही आणि तीच ओळ दुसऱ्यांदा गुणली जाते. घनता B मध्ये आणि एकक C मध्ये असेल, तर हे सूत्र चालते:

```
=IF(OR(C2="kg/m3",C2="g/L"),B2,
 IF(OR(C2="g/cm3",C2="g/mL"),B2*1000,"तपासा"))
```

एकक कोरे किंवा अनोळखी असले की सूत्र अंदाज न करता «तपासा» म्हणते, म्हणून मला ते सरळ गुणाकारापेक्षा जास्त पसंत आहे. `#VALUE!` दिसले, तर बहुधा आकड्याच्या पेशीत मजकूर शिरला आहे. आकडा आणि एकक एकाच पेशीत लिहिले की असे होते. पॉलिप्रोपिलीनच्या ओळीतही हेच होईल, कारण «०.९०–०.९१» हा आकडा नसून मजकूर आहे. किमान आणि कमाल वेगळ्या पेशींत लिहून दोन्ही स्वतंत्र बदला: ९०० आणि ९१०. अशा मर्यादेऐवजी मधला एकच आकडा टाकून देऊ नका. पदार्थ नमुन्यागणिक बदलतो ही माहिती त्यात हरवते.

सार्थ अंकांकडेही लक्ष हवे. २.७ आणि २.७० या दोन्हींचे उत्तर २७०० च दिसते, पण अर्थ वेगळा आहे. २.७ म्हणजे खरी किंमत साधारण २६५० ते २७५० च्या दरम्यान; २.७० म्हणजे २६९५ ते २७०५ च्या दरम्यान. शिवाय स्प्रेडशीट शेवटचे शून्य बहुधा गिळून टाकते. म्हणून सार्थ अंकांची संख्या वेगळ्या रकान्यात नोंदवा, किंवा छापील तक्त्यात २.७० × १०³ असे लिहा. उत्तर २७००.०० असे दाखवू नका. मूळ मोजमापात नसलेली अचूकता त्यात दिसते.

शेवटी नवा स्तंभ चढत्या क्रमाने लावून दोन्ही टोके पाहा. सामान्य परिस्थितीत सर्वांत घन मूलद्रव्य ऑस्मियम, त्याची घनता सुमारे २२,५९० आहे. नेहमीच्या पदार्थांच्या तक्त्यात याहून मोठा आकडा दिसला, तर ती ओळ बहुधा दोनदा गुणली गेली आहे किंवा मुळातच किलोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये होती. दुसऱ्या टोकाला वायू एक-दोनच्या आसपास असणे ठीक, फेसाळ प्लास्टिक काही दहांत असणेही ठीक; पण तिथे तांबे ८.९६ वर बसलेले दिसले, तर त्या ओळीचे एकक पुन्हा तपासा.