गोल दिसलं की लायसोसोम लिहू नका

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीच्या चित्रात लांबट मायटोकॉन्ड्रिया सगळे ओळखतात, पण तीच आडवी कापली गेली की गोल दिसते आणि मार्क जातात. नाशिकला कॉलेज रोडवरच्या आमच्या क्लासमध्ये परवाच्या सराव पेपरात निम्म्या वर्गाने हेच केलं.

१. आधी स्केलची रेघ पट्टीने मोजा. त्या पेपरात १ मायक्रोमीटरची रेघ २० मिमी होती आणि गोल वस्तू १२ मिमी. १२ भागिले २०, म्हणजे ०.६ मायक्रोमीटर. एवढ्या मापाने केंद्रक बाद होतं (ते साधारण ५ मायक्रोमीटर, म्हणजे इथे १० सेंमी भरलं असतं!). रायबोसोमही बाद, तो जेमतेम अर्ध्या मिमीचा ठिपका. मायटोकॉन्ड्रिया आणि लायसोसोम मात्र दोन्ही उरतात.

२. आता कडेवरून बोट फिरवा. दोन समांतर रेघा दिसल्या आणि आतली रेघ कुठेतरी आत वळून घडी झाली, तर मायटोकॉन्ड्रिया. एकच रेघ आणि आत घडीविना गडद, ओबडधोबड ऐवज असेल तर लायसोसोम. आमच्या चित्रात तीन घड्या स्पष्ट होत्या.

जपायचं एवढंच: चित्र अस्पष्ट असेल तर दोन पटलं मिळून एकच जाड रेघ दिसते. तेव्हा रेघा मोजत बसू नका, आतल्या घड्या शोधा. आणि झेरॉक्सवर छापील ‘×२०,०००’ धरून माप काढू नका. चित्र लहानमोठं झालं की तो आकडा चुकतो, रेघ मात्र चित्राबरोबरच बदलते.