निकाल सुधारलेल्या शाळेचा अभ्यास लिहिताना या चुका टाळा

शैक्षणिक नेतृत्वाच्या अभ्यासक्रमात ‘निकाल सुधारलेली शाळा’ हा प्रकल्प मिळाला की बहुतेक जण पहिल्या परिच्छेदात दहावीची टक्केवारी देतात आणि दुसऱ्यापासून मुख्याध्यापकांचे गुण वर्णू लागतात. ऊसतोडीला जाणाऱ्या गावांत ही सुरुवातच फसवी ठरते. बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातील एक जिल्हा परिषद प्रशाला डोळ्यांसमोर ठेवू. ही शाळा आणि तिचे आकडे समजण्यासाठी रचलेले आहेत.

सर्वांत महागात पडणारी चूक छेदाची आहे. पहिल्या वर्षी या शाळेचे 40 विद्यार्थी परीक्षेला बसले आणि 24 उत्तीर्ण झाले, म्हणजे निकाल 60 टक्के. दुसऱ्या वर्षी 30 बसले आणि 27 उत्तीर्ण झाले. निकाल 90 टक्के लागला आणि गावात फलक झळकले. मात्र दोन्ही तुकड्या नववीत असताना पटावर 50-50 मुले होती. त्या पटावर मोजले तर 48 टक्क्यांचे 54 झाले, म्हणजे वाढ तीन मुलांची. बाकीची चमक परीक्षेला न बसलेल्या मुलांमुळे आली. दसरा-दिवाळीच्या सुमारास आईवडील कोयत्यावर निघतात आणि दहावीचे परीक्षा अर्जही साधारण त्याच दिवसांत भरले जातात. त्यामुळे कच्चे मूल आपोआप गळते आणि त्यासाठी कोणाला वाईट निर्णयही घ्यावा लागत नाही. ही गळती निकालपत्रात दिसत नाही. नववीचा जूनचा हजेरीपट, दहावीचा दिवाळीनंतरचा हजेरीपट आणि मंडळाकडे गेलेली परीक्षार्थींची यादी शेजारी ठेवून नावे जुळवावी लागतात. पुष्कळांनी शाळा सोडल्याचा दाखला नेलेलाच नसतो, म्हणून केवळ दाखल्यांच्या नोंदी पाहणाऱ्याला सारे आलबेल वाटते.

तिसऱ्या वर्षी 45 विद्यार्थी बसले, 36 उत्तीर्ण झाले आणि निकाल 80 टक्क्यांवर ‘घसरला’. या तुकडीचा नववीचा पटही 50 होता आणि त्या पटावर मात्र हे प्रमाण 72 टक्के होते. अभ्यास करायचा तो याच वर्षाचा, आणि नेमके हेच वर्ष अहवालांतून वगळले जाते.

त्या वर्षी काय बदलले, हे लिहिताना दुसरी चूक होते: निर्णय लिहिला जातो, पण त्याची चौकट लिहिली जात नाही. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते, पण शिक्षण हक्क कायद्याचे छत्र 6 ते 14 वयोगटाला, आठवीपर्यंतच आहे. शिक्षकांच्या बदल्याही मुख्याध्यापकांच्या हाती नसतात. आमच्या उदाहरणात गणिताचे पद रिक्त होते आणि ते भरणे त्यांच्या आवाक्याबाहेर होते. हाती उरले ते वेळापत्रक, वर्गवाटप आणि पालकांशी बोलण्याची वेळ.

त्यांनी बोलणी दिवाळीवरून जुलैवर आणली. मुकादमाकडून उचल घेतली की पालकाचा शब्द गेलेला असतो; त्यानंतर ‘मुलाला ठेवून जा’ म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही. वर्गशिक्षकांनी प्रत्येक घरी तीनच प्रश्न विचारले: यंदा जाणार का, मागे आजी-आजोबा कोण राहणार, आणि मुलाच्या जेवणाचे काय? या उत्तरांवरून यादी झाली आणि कोणाच्या घरी कोण राहील हे पालकांनीच आपसांत ठरवले. गणित मुख्याध्यापकांनी स्वतः शिकवायला घेतले. याची किंमतही मोजावी लागली: कार्यालयीन माहिती वारंवार उशिरा गेली आणि वरून खुलासे मागवले गेले. ही किंमत अहवालात नसेल, तर तो निर्णय फुकटात झाल्यासारखा दिसतो आणि दुसऱ्या शाळेत तो का टिकला नाही, याचे उत्तर सापडत नाही.

तिसरी चूक लहान आहे, पण सर्रास होते. मुख्याध्यापकांची एक दीर्घ मुलाखत घेऊन सगळी कारणमीमांसा तिच्यावर उभी केली जाते. त्यांना निर्णय आठवतात. तारखा कागदावर असतात. घरभेटींची नोंद जुलैची असेल आणि हजेरी आधीच्या मार्चपासूनच सुधारत असेल, तर श्रेय दुसरीकडे शोधावे लागेल. कदाचित त्या वर्षी पाऊस बरा झाला आणि काही कुटुंबे गेलीच नाहीत. म्हणून शेजारच्या, असा निर्णय न घेतलेल्या शाळेचा त्याच वर्षाचा हजेरीपट पाहावा. दहावीत गणिताच्या 100 पैकी 20 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, तेही तपासावेत. सुधारणा लेखी परीक्षेतली आहे की शाळेने दिलेल्या गुणांतली, हे तेथे कळते.

तिसऱ्या वर्षी परीक्षेला न बसलेल्या पाच जणांचाही स्वतंत्र परिच्छेद असावा. त्यांपैकी तिघी अशा मुली होत्या, ज्यांच्या घरी मागे कोणीच वडीलधारे राहणार नव्हते. दुसऱ्याच्या घरी मुलगी ठेवायला पालक तयार झाले नाहीत आणि शाळेकडे तिला ठेवायला जागा नव्हती.