गावाकडच्या शॉर्ट फिल्ममध्ये ड्रोन उडवताना या चुका टाळा

विदर्भातल्या प्रत्येक दुसऱ्या शॉर्ट फिल्ममध्ये एक शॉट असतोच: कडुनिंबाच्या रांगेमागून कॅमेरा वर येतो आणि पलीकडे गाव, नाला, वावरं उलगडतात. शॉट चांगलाच आहे. पण तो घ्यायला येणारी पोरं त्याच त्या चुका करतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे वारा न बघता बॅटरीचा हिशेब करणे. आर्वी तालुक्यात जानेवारीतल्या एका दुपारी मी एका टीमसोबत होतो. धुऱ्यावर उभं राहिलं तर वारा जाणवतही नव्हता. ड्रोन झाडांपलीकडे वाऱ्याच्या दिशेने आठशे मीटर गेला, आणि तिथे टेकवर टेक सुरू झाले. मी म्हटलं, परत बोलवा. उडवणारा म्हणाला, "काई होत नाही भाऊ, अजून तीस टक्के हाये."

त्या तीस टक्क्यांचं गणित असं. समजा, ड्रोन हवेत सेकंदाला जास्तीत जास्त 12 मीटर जातो आणि वरचा वारा सेकंदाला 8 मीटर आहे. समोरून वारा आला की परतीचा वेग उरतो 4 मीटर. वारा नसताना आठशे मीटर यायला एक मिनिट सात सेकंद लागले असते, आता तीन मिनिटं वीस सेकंद लागतात, तेही मोटरी पूर्ण जोरात फिरत असताना. त्यात त्याने घरी परतण्याचं बटण दाबलं. ठरवलेल्या उंचीपेक्षा ड्रोन खाली असेल, तर तो आधी तिथपर्यंत चढतो आणि मग निघतो. वर वारा आणखी जास्त. बॅटरी अगदी संपत आली तेव्हा तो होता तिथेच आपोआप उतरू लागला, आणि खाली माणसाहून उंच तूर. अंधार पडेपर्यंत आम्ही तुरीत फिरत होतो. सापडला, पण गिम्बल मोडला होता.

माझी सवय साधी आहे. जायचं वाऱ्याच्या विरोधात, म्हणजे परतताना वारा ढकलतो. त्यामुळे शॉटची दिशाच बदलावी लागली तर ती आदल्या दिवशी बदलायची. पन्नास टक्क्यांना परत फिरायचं. डब्यावर अर्धा तास लिहिलेला असला तरी मी एका बॅटरीत पंधरा मिनिटंच धरतो, आणि एका बॅटरीत दोन-तीन टेक.

दुसरी चूक उलगडण्याच्या शॉटचीच. पोरं एकाच वेळी वर चढतात, पुढे जातात, फिरतात आणि कॅमेराही खाली झुकवतात. मग एडिटिंगला बसल्यावर स्मूथ दिसत नाही म्हणून रडतात. एका शॉटला एकच हालचाल. समजा, झाडं नऊ मीटर उंच आहेत. फांद्यांपासून आठ-दहा मीटर मागे, जमिनीपासून पाच मीटरवर ड्रोन थांबवा, कॅमेरा सरळ ठेवा. रेकॉर्डिंग सुरू करून पाच सेकंद काहीच करू नका. मग सेकंदाला दीड मीटरने पंचवीस मीटरपर्यंत चढा, म्हणजे साधारण तेरा सेकंद, आणि वर पोचल्यावर पुन्हा पाच सेकंद स्थिर. झाड कॅमेऱ्यापासून लांब असेल तर काही उलगडतच नाही, नुसता ड्रोन वर जाताना दिसतो. चढताना अंगठा थरथरत असेल तर सिने मोड लावा. त्यात लाज कसली?

मात्र त्याआधी पायी चालत खांब बघून या. पंपाकडे जाणाऱ्या बारीक तारा ड्रोनच्या सेन्सरला अनेकदा दिसत नाहीत, आणि स्क्रीनवर तर तुम्हालाही नाही. दोन खांब दिसले की मध्ये तार आहेच, असं धरून चाला.

परवानगीबद्दल एकच ऐकू येतं: "सरपंचांनी हो म्हटलंय." सरपंच वावराचं, रस्त्याचं बोलू शकतात, आकाशाचं नाही. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार डिजिटल स्काय नकाशावर आधी जागा तपासा. ग्रीन झोनमध्ये 400 फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. पण विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत यलो झोन सुरू होतो, आणि आठ ते बारा किलोमीटरमध्ये ग्रीनची मर्यादा 200 फूट. ताडोबा, मेळघाटच्या बाजूला वनखात्याची परवानगी वेगळी. ड्रोनचा नोंदणी क्रमांक हवा, आणि 250 ग्रॅमवरच्या ड्रोनने पैसे घेऊन काम करत असाल तर पायलट प्रमाणपत्रही. पोलीस ठाण्यात पत्राची पोच मी नेहमी घेतो, कारण गावात कोणी ना कोणी फोन करतोच.

माणसांच्या डोक्यावरून उडवू नका. जेवढी उंची, किमान तेवढंच आडवं अंतर मी ठेवतो. जुंपलेल्या बैलांपासून त्याहून लांब, कारण ते उधळले तर गाडीवान खाली पडतो.

उन्हाळ्यात बॅटऱ्या बंद गाडीत ठेवू नका. उतरलेली गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, सावलीत थंड होऊ द्या. बऱ्याच ड्रोनची मर्यादा 40 अंशांची असते आणि चंद्रपूरला मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, म्हणून मे महिन्यातलं उड्डाण मी सकाळी आठच्या आत उरकतो.