शोरूममध्ये टेस्ट ड्राइव्ह घेताना मागच्या सीटपर्यंतचा एसी कसा तपासायचा

नवीन गाडी बघायला गेलं की आपण पुढं बसतो, एसी चालू करतो, तोंडावर गार झोत आला की "एसी भारी आहे" म्हणून मोकळं होतो. पण मे महिन्यात दुपारी आई-वडील आणि पोरं मागं बसणार आहेत, त्यांच्यापर्यंत त्यातलं किती पोचतंय हे त्या झोतावरून काहीच कळत नाही. ते बघायला तासभर वेळ आणि किचनमध्ये वापरतात तसला सुईवाला डिजिटल थर्मामीटर लागतो, दोन-तीनशे रुपयात मिळतोय. तापाचा थर्मामीटर इथं चालत नाही कारण तो गार हवेचं तापमान दाखवतच नाही, आणि लांबून लेझर मारायची गन पण नको, ती हवा नाही मोजत, समोरचं प्लास्टिक मोजते.

वेळ दुपारची घ्या, एक ते चारमधली. सकाळी दहाची टेस्ट ड्राइव्ह एसीच्या दृष्टीनं वाया गेली समजा. फोन करतानाच सांगा की गाडी काचा बंद करून अर्धा तास तरी उन्हात उभी पाहिजे, एसी आधी लावून ठेवू नका. शोरूमवाले हमखास उलटं करतात, सावलीतली गाडी काढतात, दहा मिनिटं एसी चालवतात आणि मग तुम्हाला बोलावतात, त्यात त्यांची चूक नाही, गिऱ्हाईक घामानं भिजू नये एवढाच हेतू असतो. तशी गाडी समोर आली तर सरळ म्हणा, दादा थोडा वेळ उन्हात लावा, मी चहा पिऊन येतो.

सोबत माणसं न्या, कमीत कमी चौघं. बसलेला माणूस साधारण शंभर वॅटच्या बल्बएवढी उष्णता बाहेर टाकतो, त्यामुळं एकट्यानं घेतलेली ट्रायल आणि भरलेली गाडी यात फरक पडतोच. आणि मोजणारा माणूस मागं बसलेला पाहिजे, गाडी चालवणाऱ्यानं थर्मामीटर हातात धरायचा नाही.

आता सुरुवात. दारं उघडून एक मिनिट कोंडलेली गरम हवा जाऊ द्या, मग सगळे बसा, काचा बंद, टेंपरेचर सगळ्यात खाली (स्क्रीनवर LO दिसतं), ब्लोअर फुल, हवा तोंडावर आणि आतलीच हवा फिरवायचं बटण चालू. इको मोड असेल तर बंद करा कारण बऱ्याच गाड्यांत तो एसीची ताकद कमी करतोय. ऑटो एसी 22 किंवा 24 वर ठेवून टेस्ट करू नका, गाडी थोडी गार झाली की तो ब्लोअर आपोआप कमी करतो आणि तुम्हाला वाटतं एसीच कमी आहे.

तीन ठिकाणी मोजायचं. समोरच्या मधल्या व्हेंटमध्ये सुई घालून, मागच्या व्हेंटमध्ये सुई घालून, आणि मागच्या दोन माणसांच्या डोक्याच्या मधोमध, झोत आणि ऊन दोन्हीपासून लांब. तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण माणूस व्हेंटमध्ये बसत नाही. निघताना, पाच मिनिटांनी आणि पंधरा मिनिटांनी, एवढं लिहून ठेवलं तरी पुरे. मागच्या व्हेंटमधून पहिली मिनिटं गरमच हवा येते, तो पाइप दोन सीटच्या मधून लांबून येतो आणि तोही तापलेला असतोय, त्यामुळं लगेच नाव ठेवू नका.

मागचे व्हेंट सगळे सारखे नसतात हे मात्र समजून घ्या. बहुतेक पाच सीटर गाड्यांत हातरेस्टच्या मागं असतात त्यांत पुढच्याच एसीची हवा वळवलेली असते, म्हणून पुढचे व्हेंट अर्धे बंद करून बघा, मागचा जोर वाढला पाहिजे. टिश्यू पेपरची पट्टी धरली की जोर कळतो, नीट उडत नसेल तर डोक्यापर्यंत हवा जाणार नाही, गुडघ्यालाच लागेल. छतावरच्या व्हेंटना काही गाड्यांत वेगळी कूलिंग कॉइल असते आणि काहींत नुसता पंखा, जो आतलीच हवा ओढून मागं फेकतो. ओळखायचं सोपं आहे, व्हेंटमधल्या हवेचं आणि मागच्या सीटवरच्या हवेचं तापमान जवळपास सारखं आलं तर तो पंखाच, सेल्सवाला काही म्हणू दे.

रस्ता फक्त हायवेचा घेऊ नका. आमच्या कोल्हापुरात तावडे हॉटेलकडून हायवेला लागून शिरोलीकडं गेलात तर गाडी पळत असते, कंप्रेसर जोरात फिरतो, समोरून वारा मिळतो, अशात कुठलाही एसी गार करतोय. खरी परीक्षा दाभोळकर कॉर्नर किंवा ताराराणी चौकाच्या गर्दीत. पेट्रोल-डिझेल गाडीचा कंप्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर चालतो, इंजिन आयडलला आलं की तो हळू होतो आणि समोरच्या जाळीवर वारा नसतो, फक्त पंख्यावर भागवावं लागतं. म्हणून बाजूला उन्हात गाडी चालू ठेवून पाच मिनिटं थांबा आणि परत मोजा. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी गाडी असेल तर ते बटण चालू ठेवून एकदा बघा, इंजिन थांबलं की किती वेळात हवा कोमट होते ते कळतं. इलेक्ट्रिक गाडीत कंप्रेसर बॅटरीवर चालतो, तिथं हा फरक कमी जाणवतो.

आमच्या मावसभावासाठी दोन छोट्या एसयूव्ही अशाच बघितल्या, बाहेर साधारण 38 डिग्री होतं. पहिलीत पळताना पुढचा व्हेंट 9, मागचा 13, सगळे खूश. पाच मिनिटं उभं केल्यावर पुढचा 17 आणि मागचा 21 वर गेला, मागच्या सीटवरची हवा पंधरा मिनिटांनी सुद्धा 30 होती. दुसरी पळताना 11 आणि 14, म्हणजे पहिल्या नजरेत कमजोर, पण उभी केल्यावर 14 आणि 16 वरच थांबली आणि मागची सीट 26 वर आली. काकांना मागंच बसायचं असतं, त्यांनी दुसरी म्हणून सांगितलं, पुढं झोत थोडा कमी गार असला तरी.

हे आकडे प्रत्येक गाडीत, दिवसाच्या दमटपणाप्रमाणं बदलणार, म्हणून दोन गाड्या लागोपाठ एकाच दुपारी बघितल्या तरच तुलना खरी. माझा ढोबळ हिशोब असा, पळताना पुढचा व्हेंट दहाच्या आसपास आणि उभं राहिल्यावर चार-पाच डिग्रीच्या आत वाढ असेल तर ठीक. सोलापूर-पंढरपूरकडं नेहमी जाणं असेल तर तिथलं ऊन आपल्यापेक्षा तिखट असतंय, मग इथंच काठावर पास होणारी गाडी सोडून द्या. आणि एखादी गाडी फारच वाईट निघाली तर त्याच मॉडेलची दुसरी मागून बघा, टेस्टची गाडी दिवसभर वेगवेगळे लोक वापरतात, गॅस कमी झालेला असू शकतोय.

पॅनोरमिक सनरूफ असेल तर पडदा उघडा आणि बंद, दोन्ही वेळा डोक्यावर हात धरून बघा, उघडा असताना वरून ऊन सरळ लागतं आणि पोरं तो उघडाच ठेवतात. ब्लोअर फुल असताना मागच्यांना पुढच्याशी ओरडून बोलावं लागतंय का तेही बघा, कारण आवाज जास्त असेल तर घरचे लोक ब्लोअर दोनवर आणतात आणि मग तुमचं सगळं मोजमाप बाजूला राहतं.

बुकिंगचे पैसे द्यायच्या आधी एक विचारा. टेस्टची गाडी बहुतेक वेळा टॉप व्हेरिएंटची असते, आणि खालच्या व्हेरिएंटमध्ये मागचे व्हेंट नसणं अगदी कॉमन आहे. तुम्ही घेणार तोच व्हेरिएंट शोरूममध्ये किंवा यार्डात उभा असेल तर मागं बसून स्वतःच्या डोळ्यांनी बघा, तो नसेल तर ब्रोशरमध्ये त्या व्हेरिएंटच्या रकान्यात मागच्या व्हेंटसमोर टिक आहे का ते बघून त्याचा फोटो काढून ठेवा.