सुरुवातीचा वेग दिला असताना तरंगाचा आलेख: या चुका टाळा

अनंत लांबीच्या तारेचं तरंग समीकरण `u_tt = c² u_xx`. सुरुवातीचं विस्थापन `f` आणि वेग `g` दिले की दालांबेरचं उत्तर असं:

```
u(x,t) = ½[f(x−ct) + f(x+ct)] + [G(x+ct) − G(x−ct)]/(2c),   G' = g
```

पहिल्या पदात फारसं कुणी अडखळत नाही. `f` ची निम्म्या उंचीची एक प्रत उजवीकडे सरकवायची, एक डावीकडे, आणि दोन्हींची बेरीज करायची. घोळ होतो तो `g` मध्ये.

एक उदाहरण घेऊ. `f = 0`, `c = 2`, आणि `|x| < 1` मध्ये `g = 1`, बाहेर शून्य. `c` मुद्दाम 2 घेतला आहे, कारण `c = 1` घेतल्यावर छेदातला `c` विसरला तरी ती चूक दिसत नाही.

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक म्हणजे `g` च्याच दोन प्रती काढून त्या दोन बाजूंना पाठवणं. पण धावतो तो `G`, आणि तो चौकट नसून चढ आहे: −1 पर्यंत 0, मग `x + 1`, आणि 1 च्या पुढे कायम 2. इथे `g` शून्य झाला म्हणून `G` सुद्धा पुन्हा शून्यावर आणणारे बरेच जण आहेत. सगळं बिघडतं ते तिथेच.

मनात गणित करायचं तर मला ही रीत सोपी वाटते: `x − 2t` ते `x + 2t` या पट्ट्याचा जेवढा भाग −1 ते 1 मध्ये पडतो, त्याची लांबी भागिले 4 म्हणजे `u`.

`t = ¼` ला पट्टा 1 लांबीचा आहे. म्हणून `|x| ≤ ½` मध्ये उंची ¼, आणि तिथून ±1.5 पर्यंत सरळ उतार. `t = ½` ला सपाट भाग नाहीसा होऊन त्रिकोण उरतो: टोक ½ उंचीवर, पाया −2 ते 2. `t = 1` ला पट्टा 4 लांबीचा होतो, म्हणजे चौकटीपेक्षा मोठा. आता −1 ते 1 मध्ये उंची ½ आणि ±3 ला शून्य. `t = 2` ला उंची तीच ½, पण सपाट भाग −3 ते 3 आणि टोकं ±5 वर.

म्हणजे तरंग निघून गेल्यावर तार शून्यावर परत येत नाही, ½ वरच थांबते. त्रिकोणानंतर दोन सुटे उंचवटे आणि मध्ये शून्य असा आलेख आला असेल, तर `G` पुन्हा तपासा. मात्र `g` चं एकूण इंटिग्रल शून्य असेल, तर मधला भाग खरोखरच शून्यावर येतो.

पडताळा क्षेत्रफळाने घ्या. `f = 0` असताना आलेखाखालचं क्षेत्रफळ `t` गुणिले `g` चं इंटिग्रल, म्हणजे इथे `2t`, एवढं यायलाच हवं. `t = 1` ला सपाट भागाचं 1 आणि दोन उतारांचं अर्धं-अर्धं, एकूण 2. `2c` ऐवजी नुसत्या 2 ने भागलं असतं, तर 4 आलं असतं.