फोटोवरून द्राक्षं कशी पारखायची

जानेवारी उजाडला की पिंपळगाव, निफाड, दिंडोरीकडून व्हॉट्सॲपवर द्राक्षांचे फोटो यायला लागतात. सोबत एकच प्रश्न असतो, ‘पेटी पाठवू का?’ द्राक्ष काही आंब्यासारखं घरी आणून पिकत नाही. वेलीवरून तोडलं की त्याची गोडी वाढायची थांबते, म्हणून हो म्हणण्याआधी फोटो नीट बघा.

समजा, थॉमसन या हिरव्या, बिनबियांच्या जातीच्या पेटीचा फोटो आलाय आणि मणी छान मधाळ पिवळे दिसतायत. आधी उजेड बघा. पॅकिंग शेडमधल्या पिवळ्या बल्बखाली कच्चा हिरवा मणीही पिकलेला वाटतो. घडाशेजारी पांढरा कागद ठेवून, दिवसा सावलीत पुन्हा फोटो काढायला सांगा. कागद पांढरा दिसला तरच मण्याचा रंग खरा धरायचा. थॉमसन पिकताना गडद हिरवा रंग सोडून पिवळसर होतो आणि थोडा पारदर्शक दिसू लागतो.

मग देठ बघा, माझा भरवसा मण्यापेक्षा देठावर जास्त. पाणी आधी देठातून उडतं. मणी टवटवीत दिसत असतानाच देठ तपकिरी पडून वाळायला लागतो आणि असा माल घरी येईपर्यंत मणी गळतात. मात्र देठ हिरवा म्हणजे माल आजच तोडलेला, असंही नाही. पेटीत गंधकाचा कागद घालून शीतगृहात ठेवलेल्या द्राक्षांचा देठही बरेच दिवस हिरवा राहतो.

मण्यावरच्या पांढरट थराला घाबरू नका. ते मण्याचं स्वतःचं मेण असतं. सगळीकडे सारखं पसरलेलं असतं, बोट लागलं तिथे पुसलं जातं. उलट भुरी ही रोगाची बुरशी ठिपक्याठिपक्यांनी येते, देठावरही चढते आणि तिच्याखाली सालीवर तपकिरी जाळी दिसते. एवढं बारीक दिसायला फोटो जवळून काढलेला हवा आणि तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर व्हॉट्सॲप बारकावे पुसून टाकतं.

शेवटी घड उलटा करून आणि पेटीचा तळ दाखवून फोटो मागवा. कूज घट्ट घडाच्या पोटात सुरू होते. सुरुवातीला मणी नुसता किंचित तपकिरी दिसतो, पण दाबला की साल सरकते. ते सरकणं फोटोत कळत नाही, आंबूस वासही नाही, आणि औषधांचे अंश तर कुठल्याच फोटोत दिसत नाहीत.

गोडीही दिसत नाही. त्यासाठी पाठवणाऱ्याला घडाच्या शेंड्याचा मणी चाखायला सांगा, कारण वरच्या खांद्याचे मणी आधी गोड होतात आणि शेंडा मागे राहतो. त्याच्याकडे ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजायचं यंत्र असेल तर शेंड्याच्याच मण्याचा आकडा विचारा. थॉमसनला तो 16 च्या खाली आला, तर रंग कितीही पिवळा असो, ती पेटी नको म्हणा आणि आठवडाभराने तोडलेल्या मालाची मागवा.