तोंडी परीक्षेतील उत्तरांचा लेखी उतारा कसा तपासावा

ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट यांच्या अनुमापनावरील तोंडी परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो : सौम्य सल्फ्युरिक आम्लच का घालायचे, हायड्रोक्लोरिक का नाही? अशाच एका प्रश्नोत्तराचा नमुना येथे तपासून पाहू.

विद्यार्थी : एचसीएल स्ट्राँग ॲसिड आहे, म्हणून वापरत नाही.
परीक्षक : मग क्लोरीन निघतो का?
विद्यार्थी : हो, क्लोरीन निघतो. त्यामुळे रीडिंग कमी येतं.

प्रथम ध्वनिमुद्रण ऐकत उतारा पडताळावा. ‘परमँगनेट’चे ‘मँगनेट’ विद्यार्थ्याने केले की उतरवून घेणाऱ्याने, हे कागदावरून कळत नाही. अडखळणे गुणांत धरू नये. स्वतःहून चूक सुधारली असेल, तर सुधारलेले विधान ग्राह्य धरावे.

त्यानंतर प्रत्येक विधान सुटे करून अचूकता पाहावी. हायड्रोक्लोरिक आम्ल तीव्र आहे, हे खरे. क्लोरीन निघतो, हेही खरे. ‘रीडिंग कमी येतं’ हे मात्र चूक आहे, कारण परमँगनेटचा काही भाग क्लोराइडच्या ऑक्सिडीकरणात खर्च होतो आणि ब्युरेटचे वाचन उलट वाढते.

खरी कसोटी कारणमीमांसेची आहे. ‘म्हणून’ आणि ‘त्यामुळे’ हे शब्द अधोरेखित करावेत आणि दिलेले कारण दुसऱ्या उदाहरणाला लावून पाहावे. तीव्रता हेच कारण असते, तर सल्फ्युरिक आम्लही बाद झाले असते. म्हणजे विधान खरे असूनही कारण म्हणून ते निरुपयोगी आहे. क्लोरीनचा उल्लेख तर आधी परीक्षकाच्या तोंडून आला आहे, त्यामुळे नुसत्या होकाराला गुण देता येत नाहीत. (परीक्षकाला मदत करण्याचा मोह आवरत नाही, ही जुनीच अडचण आहे.) क्लोरीन निघाल्याने वाचनावर काय परिणाम होतो, हे विद्यार्थ्याला नीट सांगता आले असते, तर त्याची समज मान्य करता आली असती. नायट्रिक आम्ल स्वतःच ऑक्सिडीकारक असल्याने त्याच्या बाबतीत वाचन कमी येते. विद्यार्थ्याने दोन्हींची सरमिसळ केली असावी, पण उताऱ्यात तसा पुरावा नसल्याने ती शंका शेऱ्यात लिहू नये.

उणिवा शोधताना विचारूनही न आलेले आणि मुळात न विचारलेले, असे दोन भाग करावेत. द्रावण का तापवायचे, याला ‘अभिक्रिया वेगाने व्हावी म्हणून’ हे उत्तर पुरेसे आहे. ते सुमारे ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंतच का तापवायचे, हे परीक्षकाने विचारलेच नसेल, तर त्याबद्दल गुण कापू नयेत.

शेरा ओळ क्रमांकासह लिहावा : ‘ओळ १ – विधान बरोबर, कारण अयोग्य, ओळ ३ – क्लोरीनचा मुद्दा सूचनेनंतर, परिणाम उलटा सांगितला.’